भुयारी मेट्रोतला धूर आणि प्रवाशांची सुटका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईची आरे ते कफ परेड ही ॲक्वा लाइन ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. साडेतेहेतीस किलोमीटर, 27 स्थानकं, आणि त्यातलं आरे सोडलं तर सगळी जमिनीखाली. पुण्यातही सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा पट्टा भुयारी आहे. त्यामुळे "खाली आग लागली तर काय?" हा प्रश्न आता पुष्कळांना पडतो. पंखे, दरवाजे, जिने यांबद्दल जे नेहमी विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. सगळ्यांचा गाभा एकच आहे: वारा कुठल्या दिशेने वाहतो आणि माणसं कुठल्या दिशेने चालतात.

बोगद्यात खरा धोका आगीचा की धुराचा?

धुराचा. आग एका डब्याखाली किंवा एका कोपऱ्यात असते, धूर मात्र बोगद्यात शेकडो मीटर जातो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. सीटचा फोम आणि काही प्रकारचं प्लास्टिक जळलं की हायड्रोजन सायनाइडही तयार होतं. या वायूंनी माणूस आधी गोंधळतो, मग त्याचे पाय गळतात. त्याआधीच डोळे चुरचुरायला लागतात आणि दिसेनासं होतं. एरवी सेकंदाला सव्वा मीटर चालणारा माणूस दाट धुरात भिंत चाचपत निम्म्याहूनही कमी वेगाने सरकतो. म्हणून या क्षेत्रातले लोक "आग विझवणं" हा शब्द फारसा वापरत नाहीत. त्यांच्या बोलण्यात येते ती "वाट स्वच्छ ठेवणं".

उघड्यावरचा धूर आणि बोगद्यातला धूर यांत फरक काय?

उघड्यावर धूर वर जातो आणि आपली सुटका होते. बोगद्यात वर छत असतं. गरम धूर छताला आपटतो आणि छताखालून दोन्ही बाजूंना पसरतो. पहिली काही मिनिटं तो छताशी थर धरून राहतो आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ हवा असते. पण पुढे जाता जाता तो भिंतींना उष्णता देतो, थंड होतो, जड होतो आणि खाली उतरतो. आगीपासून लांब उभ्या माणसाला कधीकधी आगीजवळच्यापेक्षा दाट धूर लागतो, त्याचं कारण हेच.

आता या बोगद्यात एका बाजूने हळू वारा सोडा. वारा कमी असेल तर छताखालचा धूर त्या वाऱ्याविरुद्धही थोडा मागे सरकतो. बादलीतलं पाणी उतारावर ओतलं तरी थोडं उलट्या बाजूला पसरतं, तसंच. या मागे येणाऱ्या थराला बॅकलेअरिंग म्हणतात. वारा वाढवत नेला की एका वेगाला हा थर जागीच थोपतो आणि सगळा धूर एकाच बाजूला जाऊ लागतो. त्या वेगाचं नाव क्रिटिकल व्हेलॉसिटी, आपण त्याला निर्णायक वेग म्हणू.

निर्णायक वेग किती असतो?

एक हिशेब करून पाहू. मुंबईच्या भुयारी मार्गासारखा गोल बोगदा घ्या, आतला व्यास 5.8 मीटर. पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ सव्वीस चौरस मीटरच्या आसपास येतं. रुळाखालचं काँक्रीट आणि बाजूची पायवाट वजा केली की हवेला सुमारे 21 चौरस मीटर उरतात. डब्याची आग 10 मेगावॉटची धरली तर त्यातली साधारण 7 मेगावॉट उष्णता धुरासोबत जाते, उरलेली भिंतींवर किरणांच्या रूपाने पडते. प्रचलित सूत्रात हे आकडे घातले की निर्णायक वेग सेकंदाला 1.9 मीटरच्या जवळपास निघतो. म्हणजे आरामात चालणाऱ्या माणसाच्या साधारण दीडपट. वादळ वगैरे काही नाही, चेहऱ्याला नीट जाणवेल असा वारा.

21 चौरस मीटर गुणिले 1.9 म्हणजे सेकंदाला 40 घनमीटर हवा. दहा बाय दहा फुटांची आणि दहा फूट उंच खोली म्हणजे 28 घनमीटर, तेव्हा दर सेकंदाला दीड खोलीभर हवा आगीवरून जायला हवी. आगीपलीकडे हीच हवा सरासरी दीडशे अंशांच्या आसपास जास्त गरम होते आणि फुगून 40 ची जवळपास 60 घनमीटर होते. ओढणाऱ्या बाजूचे पंखे निवडताना हे फुगणं विसरलं की हिशेब कागदावर बरोबर आणि बोगद्यात कमी पडतो.

उतारही मोजावा लागतो. गरम धुराला चढाच्या दिशेने जायचं असतं. वाऱ्याला त्याला उताराकडे ढकलायचं असेल तर जास्त वेग लागतो, 3 टक्के उताराला साधारण 9 टक्के जास्त.

हे पंखे असतात कुठे? प्रवाशाला तर कधी दिसत नाहीत.

स्थानकाच्या दोन्ही टोकांना, फलाट संपतो त्याच्या पलीकडे, पंख्यांच्या खोल्या असतात. आपल्याकडच्या भुयारी स्थानकांत सहसा दर टोकाला दोन असे चार मोठे पंखे बसवतात. त्यांना टनेल व्हेंटिलेशन फॅन म्हणतात. एकेक पंखा अंदाजे दोन मीटर व्यासाचा असतो आणि सेकंदाला 60 ते 90 घनमीटर हवा हलवतो. तिथून उभा शाफ्ट वर जमिनीपर्यंत जातो. रस्त्याकडेला किंवा दुभाजकाजवळ जाळ्या लावलेली जी चौकोनी काँक्रीटची खोकी दिसतात, ती या शाफ्टची तोंडं.

या पंख्याची दोन वैशिष्ट्यं आहेत. तो उलटाही फिरतो, म्हणजे हवा आत ढकलतो किंवा बाहेर ओढतो. आणि 250 अंश सेल्सिअस तापलेल्या हवेत किमान एक तास चालेल असा तो बनवलेला असतो, कारण ज्या दिवशी त्याची खरी गरज पडणार त्याच दिवशी त्यातून धूर जाणार. प्रत्येक पंख्यासमोर लोखंडी पात्यांची मोठी झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात. आधी झडप उघडते, मग पंखा फिरतो. झडप बंद असताना पंखा चालू झाला तर तो हेलकावे खातो आणि मोटर ट्रिप होते.

दोन्ही स्थानकांतून धूर ओढून घेतला तर लवकर निघणार नाही का?

नवख्या माणसाला हेच सुचतं, आणि हाच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. दोन्ही टोकांनी सारख्याच जोराने ओढलं तर मधल्या भागात हवा जवळजवळ हलतच नाही. गाडी तिथे असेल तर धूर तिच्याभोवतीच घोटाळत राहतो, किंवा दोन्ही दिशांना पसरून दोन्ही वाटा बंद करतो.

म्हणून एक स्थानक ढकलतं आणि दुसरं ओढतं. एका बाजूने ताजी हवा, दुसऱ्या बाजूने धूर. कामकाजात याला पुश-पुल म्हणतात. एका टोकाचे दोन पंखे मिळून 120 घनमीटरहून जास्त हवा देऊ शकत असतील तर 40 साठी ते जास्तच वाटतील. पण ती सगळी हवा हव्या त्या बोगद्यात जात नाही. काही शेजारच्या बोगद्यात जाते, काही स्थानकातून जिन्याने वर पळते, काही मागच्या बाजूला. शिवाय बोगद्यात उभी गाडी हीच एक मोठी बुचासारखी अडचण असते. शेजारच्या बोगद्याकडची दोनच दारं उघडी राहिली तरी वाऱ्याचा वेग निर्णायक वेगाखाली येऊ शकतो.

गाडीला आग लागली तर ती तिथेच थांबवतात का?

शक्य असेल तर नाही. पहिला प्रयत्न गाडी पुढच्या स्थानकात नेण्याचा असतो. कारण साधं आहे. बोगद्यातली पायवाट 60 सेंटिमीटरच्या जवळपास रुंद असते. त्यावरून एकामागून एक चालणारी माणसं मिनिटाला साधारण 50 जातात. गाडीत 1500 प्रवासी असतील तर एका बिंदूवरून सगळे जायला अर्धा तास लागतो. त्याच गाडीचे सगळे दरवाजे फलाटावर उघडले तर ती एक-दोन मिनिटांत रिकामी होते. दोन स्थानकांमध्ये मेट्रोला दीड-दोन मिनिटंच लागतात, त्यामुळे धुरासकट पुढे जाणं हे बहुतेक वेळा थांबण्यापेक्षा सुरक्षित असतं.

गाडीतल्या प्रवाशाने घाबरून दोन स्थानकांमध्ये दरवाज्याची आपत्कालीन कळ ओढू नये, ती यासाठी. दार उघडलं की गाडी थांबते आणि मिनिटांची गोष्ट तासाची होऊन बसते.

पण वीज गेली आणि गाडी अडकलीच, तर वारा कुठल्या बाजूने सोडायचा हे कसं ठरतं?

एक उदाहरण घेऊ. अ आणि ब ही दोन स्थानकं, अंतर 1200 मीटर. आठ डब्यांची गाडी अ कडून ब कडे निघाली आणि अडकली. तिचं शेपूट अ पासून 500 मीटरवर आहे. गाडी साधारण 180 मीटर लांब, म्हणजे पुढचं तोंड अ पासून 680 आणि ब पासून 520 मीटरवर. धूर मागून दुसऱ्या डब्याखालून येतोय.

नियंत्रण कक्षातल्या माणसाला तीन गोष्टी लागतात: गाडी नक्की कुठे आहे, कितव्या डब्यातून धूर येतोय, आणि त्याच पट्ट्यात दुसरी गाडी आहे का. पहिली सिग्नल यंत्रणा सांगते. दुसरी चालक किंवा प्रवासी सांगतात. डब्यात बटण दाबून चालकाशी बोलता येतं तेव्हा "आग लागली" एवढं न सांगता डब्याचा क्रमांक सांगणं फार मोलाचं ठरतं, कारण त्यावरूनच सगळ्यांची दिशा ठरणार असते. तो क्रमांक डब्यात आतल्या बाजूला लिहिलेला असतो. तिसरी गोष्ट सगळ्यात आधी बघायची, कारण मागे दुसरी गाडी उभी असेल तर आपण धूर तिच्यावर सोडणार.

आपल्या उदाहरणात आग मागे आहे, बहुतेक प्रवासी पुढे. त्यांना ब कडे चालवायचं. म्हणजे ताजी हवा ब कडून आली पाहिजे: ब चे पंखे ढकलणार, अ चे ओढणार. धूर मोकळ्या बाजूला, अ कडे जातो. आगीमागच्या शेवटच्या डब्यातली माणसं आधीच गाडीच्या आतून पुढे आणावी लागतात. डबे आतून जोडलेले असतात, त्याचा मोठा उपयोग इथे होतो.

प्रत्यक्षात नियंत्रक एकेक पंखा हाताने चालू करत नाही. बोगद्याचे पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्यासाठी, प्रत्येक दिशेसाठी, कुठले पंखे कसे आणि कुठल्या झडपा उघड्या-बंद याचा तक्ता आधीच तयार असतो. पडद्यावर पट्टा निवडायचा, दिशा निवडायची, खात्री करायची. उभ्या पंख्याला पूर्ण वेगात यायला अर्धा ते एक मिनिट लागतं आणि सगळी यंत्रणा तीन मिनिटांत पूर्ण चालू व्हावी अशी अपेक्षा असते. एकदा निवडलेली दिशा मध्येच उलटवणं शक्यतो टाळतात. पंखे थांबून उलटे फिरायला वेळ लागतो तो लागतोच, वर तोपर्यंत एका बाजूला निघालेली माणसं अचानक धुरात सापडतात.

आणि आग बरोबर मधल्या डब्यात असेल तर?

याला निर्दोष उत्तर नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर जपून ऐकावं. वारा कुठेही सोडला तरी अर्धी गाडी धुराच्या बाजूला येते. अशा वेळी पाहतात ते हे: कुठल्या बाजूला माणसं कमी, आणि कुठल्या बाजूला सुटकेचं दार जवळ. ज्या बाजूची माणसं लवकर बाहेर पडू शकतात त्या बाजूला धूर सोडतात. काही ठिकाणी पहिली काही मिनिटं पंखे मुद्दाम जोरात लावत नाहीत. धूर छताशी थर धरून आहे तोवर खालून माणसं निघू शकतात, आणि जोराचा वारा तोच थर ढवळून खाली आणतो. पण ही मुभा आग लहान असेपर्यंतच असते.

बोगद्यातून माणसं नेमकी कशी बाहेर पडतात?

दोन वाटा असतात. एक बाजूची पायवाट, जी डब्याच्या दाराच्या पातळीला असते आणि जिथे भिंतीला हाताचा दांडा असतो. दुसरी, काही गाड्यांना पुढच्या टोकाला उतरतं दार असतं. ते उघडलं की उताराची पट्टी खाली येते आणि माणसं रुळांमधून चालतात. दोन्ही वाटा मिळाल्या तर वेळ बराच वाचतो. रुळांवर माणसं उतरवण्याआधी वीज बंद करून तारेला अर्थिंग केलेलं असावं लागतं.

स्थानकापर्यंत चालावं लागेलच असं नाही. जाणारा आणि येणारा असे दोन बोगदे शेजारी असतात आणि त्यांना जोडणारे आडवे रस्ते, क्रॉस पॅसेज, साधारण 240 ते 250 मीटरवर असतात. दोन्ही तोंडांना आगरोधक दार असतं. त्या दारापलीकडे गेलं की माणूस धुरापासून सुटला असं मानतात. आपल्या उदाहरणात गाडीच्या तोंडापासून ब कडे 520 मीटर आहेत, पण वाटेत क्रॉस पॅसेजची एक-दोन दारं नक्की लागतील. मात्र माणसं पलीकडे जाण्याआधी पलीकडच्या बोगद्यातली वाहतूक थांबवलेली पाहिजे.

याच दारापाशी नेहमी एक गडबड होते. पंखे चालू असताना दोन बोगद्यांत दाबाचा फरक पडतो. एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच दारावर 100 पास्कल दाब म्हणजे 20 किलोचा भार. मुठीपाशी त्याचा निम्मा, दहा किलो, शिवाय दार मिटवणारी स्प्रिंग. एवढं ढकलता येतं. पण दाब 250 पास्कल झाला तर मुठीपाशी पंचवीस किलो लागतात, आणि दमलेल्या, खोकणाऱ्या माणसाला वाटतं की दाराला कुलूप आहे. कुलूप नसतं. दोघांनी मिळून, बिजागरीपासून लांब, मुठीच्या काठावर जोर दिला की उघडतं. आराखडा करताना पंख्यांचा जोर वाढवत राहायचा मोह आवरावा लागतो तो या दारांमुळेही.

धूर दिसत असेल तर कुठल्या बाजूला चालायचं?

वारा चेहऱ्यावर घेऊन. पंखे नीट चालू असतील तर ताजी हवा समोरून येते आणि धूर पाठीमागे जातो. वाऱ्यासोबत चालणं सोपं वाटतं, पण धूरही त्याच बाजूला निघालेला असतो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. गाडी थांबल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत जो वारा लागतो तो पंख्यांचा नसू शकतो. धावत्या गाड्या बोगद्यातली हवा पिचकारीच्या दट्ट्यासारखी ढकलत असतात आणि ती हवा नंतरही थोडा वेळ वाहत राहते. म्हणून सूचना मिळत असेल तर आधी सूचना, ती नसेल तर वारा. बोगद्यातल्या पाट्यांवर दोन्ही बाजूंची अंतरं असतात, पण आग कुठे आहे हे पाटीला माहीत नसतं. जवळची बाजू धुराची असेल तर लांबची घ्यावी.

पंखे नसतील तर उतार वारा बनवतो. ऑस्ट्रियातल्या काप्रुन इथे 11 नोव्हेंबर 2000 रोजी तीव्र चढाच्या बोगद्यात डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेला आग लागली. बोगदा धुराड्यासारखा ओढू लागला आणि धूर वर गेला. 155 माणसं गेली. खालच्या टोकाला अडकलेल्या गाडीच्या मागच्या भागातून बाहेर पडलेली 12 माणसं आगीच्या बाजूने खाली उतरली, ती वाचली. आगीकडे जाणं मनाला पटत नाही. त्या बोगद्यात ताजी हवा खालूनच येत होती.

फलाटावरच धूर झाला तर?

तिथे डाव वेगळा असतो: धूर ढकलायचा नाही, ओढून घ्यायचा. रुळांच्या वर, गाडीच्या छपरालगत, हवा ओढणारी पोकळी असते. रोजच्या दिवसात ती गाडीच्या एसीची उष्णता ओढते, आगीच्या वेळी धूर. सोबत दोन्ही टोकांचे मोठे पंखेही ओढण्यावर लावतात. स्थानकातून जेवढी हवा काढाल तेवढी कुठून तरी आत यावी लागते, ती येते प्रवेशद्वारातून आणि जिन्यांवरून. म्हणून वर चढणाऱ्या माणसाला जिन्यात समोरून, वरून खाली येणारा वारा लागतो. तो लागला की समजावं, यंत्रणा काम करतेय. मात्र हा वारा सेकंदाला 11 मीटरच्या वर जाऊ देत नाहीत, कारण त्यात म्हातारी माणसं आणि मुलं तोल सावरू शकत नाहीत.

मुंबईच्या भुयारी मार्गावर फलाटाच्या काठाला छतापर्यंत काचेचे सरकते दरवाजे आहेत. गाडीखाली आग असेल तर ते धुराला बऱ्यापैकी अडवतात. वीज गेली तरी रुळांच्या बाजूने मूठ ओढून ते हाताने उघडता येतात, आणि गाडी चुकीच्या जागी थांबली तर मधले आडवा दांडा ढकलून उघडणारे दरवाजे असतात.

किती वेळात स्थानक रिकामं व्हायला हवं?

जगभर वापरला जाणारा अमेरिकी मापदंड, एनएफपीए 130, सांगतो: फलाट 4 मिनिटांत रिकामा व्हावा आणि फलाटाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातला माणूस 6 मिनिटांत सुरक्षित जागी पोचावा. जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 55 माणसं चढतात. गाडीतली आणि फलाटावरची मिळून 1500 माणसं धरली तर चार मिनिटांत मिनिटाला 375 बाहेर पडली पाहिजेत, म्हणजे जवळपास सात मीटर रुंदीचे जिने. त्यात एक सरकता जिना दुरुस्तीला बंद आहे असंच धरून चालायचं. लिफ्ट या हिशेबात सहसा धरत नाहीत. भुयारी स्थानकात जिने गरजेपेक्षा जास्त वाटतात ते या चार मिनिटांमुळे.

आजवर नक्की कुठे चुकलं?

पंखा नव्हता म्हणून क्वचित, दिशा किंवा निर्णय चुकला म्हणून जास्त वेळा.

अझरबैजानमधल्या बाकूत 28 ऑक्टोबर 1995 रोजी विजेच्या बिघाडाने पेटलेली गाडी स्थानकातून निघून थोड्याच अंतरावर बोगद्यात थांबली. माणसं बाहेर पडत असताना पंख्यांची दिशा बदलली गेली आणि धूर पळणाऱ्यांच्याच बाजूला गेला. 289 जण गेले.

दक्षिण कोरियातल्या देगूत 18 फेब्रुवारी 2003 रोजी एका माणसाने स्थानकात उभ्या गाडीत पेट्रोल ओतून आग लावली. ती गाडी बरीचशी रिकामी झाली. पण समोरच्या रुळावर दुसरी गाडी येऊ दिली गेली, तिची वीज गेली, दारं मिटली. 192 मृतांपैकी बहुतेक त्या दुसऱ्या गाडीतले होते. धूर झालेल्या स्थानकात पुढची गाडी न आणणं हा पंख्यांइतकाच मोठा भाग आहे, हे तिथे शिकलं गेलं. तिथल्या सीट नंतर न जळणाऱ्या साहित्याच्या केल्या गेल्या.

वॉशिंग्टनला 12 जानेवारी 2015 रोजी आग म्हणावी अशी आगही नव्हती. विजेच्या रुळाजवळ ठिणग्या उडून केबलचं आवरण धुमसत होतं. जवळच्या स्थानकातले पंखे ओढण्यावर लागले आणि धूर अडकलेल्या गाडीकडेच आला. बाहेरची हवा डब्यात घेणारी यंत्रणाही चालूच राहिली. एक प्रवासी दगावली.

मुंबईत असं काही झालंय का?

15 नोव्हेंबर 2024 रोजी वांद्रे-कुर्ला संकुल स्थानकाच्या एका प्रवेशमार्गापाशी ठेवलेल्या लाकडी सामानाला आग लागून स्थानकात धूर शिरला होता. स्थानक बंद ठेवावं लागलं, कोणी जखमी झालं नाही. यात शिकण्यासारखं हे की आग गाडीत नव्हती. प्रवेशद्वारं ही ताज्या हवेची तोंडं असतात. तिथेच आग असेल तर ओढणारे पंखे धूर खाली फलाटापर्यंत आणू शकतात, म्हणून अशा वेळी नेहमीचा तक्ता वापरत नाहीत. जिन्याखाली किंवा प्रवेशमार्गात रिकामी खोकी, प्लायवूड रचू न देणं हे पंख्यांच्या देखभालीइतकंच महत्त्वाचं आहे.

हे सगळं चालतं की नाही, हे आग न लावता कसं तपासतात?

रात्री गाड्या बंद झाल्यावर. बोगद्यात एक गाडी उभी करतात, तक्त्यातली एक अवस्था चालू करतात आणि आगीची जागा धरलेल्या ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजतात. एका जागी मोजून भागत नाही, कारण मध्ये वेग जास्त आणि भिंतीपाशी कमी असतो. बोगद्याच्या तोंडावर कल्पनेने चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर वेगमापक धरतात आणि सरासरी काढतात. आकडा निर्णायक वेगापेक्षा बऱ्यापैकी वर यावा लागतो, कारण थंड हवेत मोजलेला वारा खऱ्या आगीत फुगलेल्या हवेच्या अडथळ्याने कमी होतो.

या चाचणीत बहुतेक वेळा पंखा नापास होत नाही, झडप होते. गंजून किंवा धूळ बसून एखादं पातं अर्धवट उघडतं, पण तिची सूचना देणारी कळ मात्र पडद्यावर "उघडी" दाखवते. नियंत्रकाला सगळं हिरवं दिसतं आणि बोगद्यात वारा निम्मा असतो. पंख्याचा विजेचा प्रवाह नेहमीपेक्षा वेगळा येतोय का, हे बघितलं की ही लबाडी पकडता येते. नाहीतर कोणीतरी टॉर्च घेऊन झडपेसमोर उभं राहून पाती मोजणं, हा जुना उपाय अजूनही सगळ्यात खात्रीचा.

रुळांवर उतरलो तर शॉक लागेल का?

ते शहरावर अवलंबून आहे. मुंबईच्या ॲक्वा लाइनला आणि पुणे मेट्रोला वीज वरच्या तारेतून मिळते, 25 हजार व्होल्ट. तिथे धोका डोक्यावर असतो, म्हणून लांब छत्री किंवा काठी उंच धरून चालू नये. कोलकाता आणि बंगळुरूला वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून येते, 750 व्होल्ट. तिथे पायवाट सोडून त्या बाजूला पाऊलही टाकू नये. वीज बंद झाल्याचं कर्मचारी सांगत नाहीत तोवर ती चालू आहे असंच समजावं, दिवे गेलेले असले तरी.